सणासुदीचा माल उरतोय: सूट किती आणि केव्हा लावायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सणाच्या कपड्यांची गंमत अशी की सणाच्या आदल्या दिवशी जो नग पूर्ण किमतीला जातो, तोच दोन दिवसांनी निम्म्यालाही कुणी विचारत नाही. वर्षभर चालणाऱ्या मालाच्या सुटीचे नियम इथे लावले की फसायला होतं. खालची सगळी उत्तरं अशाच, ठरलेल्या तारखेला एकदम किंमत गमावणाऱ्या मालाबद्दल आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून छापील किंमत सगळीकडे १०० धरली आहे.

सणाला महिना आहे आणि गर्दी अजून वाढायची आहे. मग आत्ता सूट का लावायची?

सगळ्या मालावर लावायची नाहीच. दुकानभर सूट लावली तर जे डिझाइन आपोआप जाणार होतं त्यावरचेही पैसे सोडून दिल्यासारखं होतं. पण जे डिझाइन मागे पडलंय, त्याला सणाआधीचे हे तीन-चार आठवडेच काय ते हातात असतात. कारण सूट स्वतःहून गिऱ्हाईक आणत नाही. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचा हात एका हँगरवरून दुसऱ्याकडे वळवणं, हे तिचं मुख्य काम. दिवसाला शंभर माणसं येत असताना २५ टक्के सूट जे करते, ते सणानंतर दहा माणसं येत असताना ५० टक्केही करत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिली सूट सणाआधी, निवडक डिझाइनवर, चार ते अडीच आठवडे आधीच्या काळात. उरलेल्यावर दुसरी सूट सण झाल्या झाल्या, एकदम खोल.

डिझाइन मागे पडलंय हे ठरवायचं कशावरून? सगळ्यांचाच उठाव शेवटी वाढतो.

बरोबर, आणि म्हणूनच "आठवड्याला इतके जातात, इतके आठवडे उरले" हा साधा भागाकार सणाच्या मालाला चालत नाही. तो घाबरवतो तरी, नाहीतर उगाच धीर देतो. त्याऐवजी मागच्या हंगामाची बिलं काढा. त्याच प्रकारच्या, त्याच किमतीच्या पट्ट्यातल्या आणि पूर्ण किमतीला चांगल्या गेलेल्या डिझाइनचे सणाला चार आठवडे उरले असताना किती टक्के नग गेले होते ते पाहा. समजा तो आकडा ५० निघाला. म्हणजे तोवर जितके गेले, साधारण तितकेच पुढे जातात. आता यंदाच्या डिझाइनचे त्याच टप्प्यावर ३० टक्केच गेले असतील, तर सणापर्यंत ते ६० टक्क्यांवर अडकणार, ४० टक्के उरणार.

मोजताना तारीख सणापासून उलटी मोजा, कॅलेंडरच्या महिन्याने नाही. सण दरवर्षी एकाच तारखेला येत नसेल, तर मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना करून काहीच हाती लागत नाही.

मागे पडलेलं दिसलं की लगेच सूट लावायची?

नाही, आधी गोदामात जाऊन या. एकदा एका भरतकामाच्या डिझाइनवर सूट लावायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. स्टिकरही छापून झाले होते. मग सहज रॅक पाहिला तर तिथे फक्त सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी साइज टांगलेली. मधल्या साइजचे चाळीसेक नग दोन खोक्यांत बंद, वर दुसऱ्या मालाचं लेबल. गिऱ्हाइकाला डिझाइन नको नव्हतं, त्याला त्याच्या मापाचं मिळतच नव्हतं. खोकी उघडली, तर डिझाइन पूर्ण किमतीला चालू लागलं.

तेव्हा तीन गोष्टी बघा. माल दुकानात किती दिवस झाले, म्हणजे उशिरा आला होता का. तो डोळ्यांच्या उंचीवर आहे की खालच्या फळीवर. आणि मधल्या साइज उरल्यात की नाहीत. मधल्या साइज खरोखरच विकून झाल्या असतील आणि टोकाच्याच उरल्या असतील, तर सुटीने फार फरक पडत नाही, कारण न बसणारा कपडा स्वस्त झाला तरी बसत नाही. एकापेक्षा जास्त दुकानं असतील तर तुटलेल्या साइज एका ठिकाणी गोळा करून पूर्ण संच तयार करणं हे सुटीपेक्षा स्वस्त पडतं.

खरेदी भावाच्या खाली विकायचं नाही असा आमचा नियम आहे. चूक आहे का?

या मालापुरती चूक आहे. खरेदीचे पैसे गेलेले आहेत. नग विकला तरी गेलेत, नाही विकला तरी गेलेत. आज विचारायचा प्रश्न एवढाच: हा नग आज विकला नाही, तर पुढे त्याचे किती येतील? शेवटी उरलेला माल एकगठ्ठा, म्हणजे लॉटमध्ये, घेणारा नगाला १५ देणार असेल, तर आजचा ४० चा सौदा फायद्याचा आहे, मग खरेदी ५० ला का झालेली असेना. खरेदी भाव पुढच्या हंगामात किती माल भरायचा हे ठरवताना वहीतून काढा. सूट ठरवताना तो समोर ठेवला की हात आखडतो आणि माल उरतो.

एखादं उदाहरण आकड्यांत करून दाखवा.

एका डिझाइनचे ४०० नग भरले. सणाला चार आठवडे असताना १२० गेले, २८० उरले. वरच्या हिशेबाने पूर्ण किमतीला आणखी १२० जातील आणि सणाच्या दिवशी १६० उरतील. मागचा अनुभव असा की सणानंतर ६० टक्के सुटीत, म्हणजे ४० ला, ७० नग जातात. बाकीचे लॉटमध्ये १५ ला.

काहीच केलं नाही तर: १२० नगांचे १२,०००, मग ७० नगांचे २,८००, आणि उरलेल्या ९० चे १,३५०. एकूण १६,१५०.

आता आजच २५ टक्के सूट लावली आणि समजा विक्री १.६ पट झाली. सणापर्यंत १९२ नग ७५ ला जातील, त्याचे १४,४००. उरले ८८. सणानंतर गिऱ्हाइकं थोडी कमी मिळतील, कारण काहींनी आधीच घेतलं आणि साइजही तुटल्या. ६० नगांचे २,४०० धरा, लॉटमधल्या २८ चे ४२०. एकूण १७,२२०. म्हणजे १,०७० जास्त.

पण विक्री फक्त १.३ पट झाली तर? १५६ नगांचे ११,७००, सणानंतर ६५ नगांचे २,६००, लॉटमधल्या ५९ चे ८८५. एकूण १५,१८५. सूट न लावलेलीच बरी होती.

म्हणजे प्रश्न सूट लावायची की नाही हा नसून विक्री किती पट वाढली तर ती परवडते हा आहे. त्याचं गणित एका ओळीचं आहे: एका नगावर सोडलेली रक्कम गुणिले एरवीही गेलेच असते ते नग, आणि त्याला भागिले नवी किंमत वजा लॉटचा भाव. इथे २५ गुणिले १२० म्हणजे ३,०००. भागिले ७५ वजा १५, म्हणजे ६०. उत्तर ५०. एरवीच्या १२० वर ५० नग जास्त जायला हवेत, म्हणजे साधारण १.४ पट. सणानंतरची विक्री थोडी घटते ते धरून मी दीडपट हा उंबरठा मानतो.

या सगळ्यात खरेदी भाव एकदाही लागला नाही, हे लक्षात आलं असेल.

मग सरळ ४० टक्के का नको? विक्री आणखी वाढेल.

वाढेल, पण किती? वरच्याच उदाहरणात ४० टक्क्यांनी विक्री दुप्पट झाली असं धरू. २४० नग ६० ला, त्याचे १४,४००. उरलेल्या ४० पैकी ३० नग सणानंतर ४० ला, त्याचे १,२००, आणि १० लॉटमध्ये, त्याचे १५०. एकूण १५,७५०. दुकान रिकामं झालेलं दिसेल, गल्ल्यावर गर्दी दिसेल आणि हातात मात्र काहीच न केल्यापेक्षा ४०० कमी येतील. सणाआधी खोल सूट ही बहुतेक वेळा स्वतःला दिलेली समजूत असते. माल संपवणं हे ध्येय ठेवलं की असं होतं. काही नग उरणं हिशेबात धरलेलंच असायला हवं.

अपवाद एकच: डिझाइन इतकं पडलेलं असेल की पूर्ण किमतीला जवळजवळ काहीच जात नाही. तेव्हा सोडून देण्यासारखं काही नसतंच, म्हणून सूट खोल लावली तरी चालते.

विक्री दीडपट होईल की नाही हे आधी कसं कळणार?

अंदाजाने नाही, चाचणीने. शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस सूट लावा आणि शेजारच्या एका तशाच डिझाइनला हात लावू नका. समजा गेल्या शुक्रवार ते रविवारी आपल्या डिझाइनचे १० गेले होते आणि शेजारच्याचे २०. या शुक्रवार ते रविवारी सुटीतल्याचे २४ आणि शेजारच्याचे ३० गेले. दहाचे चोवीस झाले म्हणजे २.४ पट, असं म्हणून लोक खूश होतात. पण शेजारचं डिझाइन सुटीशिवायच दीडपट गेलं, ती सणाची गर्दी. आपलंही सुटीशिवाय १५ गेलं असतं. २४ भागिले १५, म्हणजे सुटीचा खरा परिणाम १.६ पट. उंबरठा दीडपट होता, म्हणून सूट चालू ठेवायची.

एक धोका आहे. दोन्ही डिझाइन एकाच रॅकवर असतील तर सुटीतलं डिझाइन शेजारच्याचीच गिऱ्हाइकं ओढतं आणि परिणाम मोठा दिसतो. तुलनेचं डिझाइन दुकानाच्या दुसऱ्या भागात असू द्या. दोन दुकानं असतील तर एकात सूट, एकात नाही, हे सर्वांत उत्तम.

आणि हिशेब करून लॉटरी लागेल अशी अपेक्षा नको. फेलिपे कारो आणि जेरेमी गॅलियन यांनी झारा या कंपनीसोबत हंगाम-अखेरच्या सुटीचं गणिती मॉडेल बसवलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात क्लिअरन्सची वसुली सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. एवढ्या मोठ्या साखळीला तो पैसा थोडा नाही, पण चुकलेली खरेदी त्यातून भरून निघत नाही.

सणाला आठच दिवस राहिले. आता पहिली सूट लावू का?

आता थांबा. शेवटच्या आठवड्यात येणारं गिऱ्हाईक किमतीसाठी आलेलं नसतं, त्याला परवा घालायला कपडा हवा असतो. मापाचा, हातात लगेच मिळणारा. तिथे २५ टक्के सोडले तर विक्री दीडपट होत नाही, जे घेणारच होते त्यांनाच सूट मिळते. फिटिंग करावं लागणाऱ्या कपड्यांत ही खिडकी आणखी आधी बंद होते, कारण शिंप्याला वेळ हवा. दहा-बारा दिवसांच्या आत आलात तर पूर्ण किमतीला विकत राहा, मधल्या साइज पुढे काढून ठेवा आणि सणानंतरच्या सुटीची तयारी करा.

सणानंतर सुरुवात किती टक्क्यांनी?

थेट ५० किंवा ६०. तेही पहिल्याच आठवड्यात, फिरायला निघालेली माणसं अजून बाजारात असताना. सणानंतर २५ पासून सुरू करून दर आठवड्याला पायरी उतरणारे पुष्कळ पाहिलेत. येणाऱ्यांची संख्या त्यांच्या सुटीपेक्षा वेगाने घसरते आणि ते कायम एक पायरी मागेच राहतात.

१०, १५, २० असं हळूहळू उतरलं तर नुकसान कमी नाही का होणार?

१० टक्के हे गिऱ्हाइकाच्या नजरेतच भरत नाही. घासाघीस करून एरवीही तेवढं मिळतं. पण तुम्ही मात्र प्रत्येक नगावर दहा सोडता, शिवाय टॅग बदलायची मजुरी. त्याहून वाईट म्हणजे तीनदा किंमत उतरलेली पाहिलेलं गिऱ्हाईक चौथ्यांदा उतरायची वाट पाहतं. दोन पायऱ्या आणि मग लॉट, एवढं पुरे.

लिहिताना सूट नेहमी मूळ किमतीवर लिहा. "५० वर आणखी २०" म्हणजे ७० नव्हे, ६०: शंभराचे पन्नास, पन्नासाचे चाळीस. काउंटरवरच्या मुलाने गडबडीत ७० वजा केले तर प्रत्येक नगामागे दहा जातात, आणि बरोबर वजा केले तर गिऱ्हाईक भांडतं.

दरवर्षी सूट लावली तर लोक वाटच पाहत बसतील.

वर्षभर चालणाऱ्या मालात ही भीती खरी आहे. सणाच्या मालात तारीख तुमच्या बाजूने असते: ज्याला सणाला घालायचंय तो सणानंतरच्या सेलची वाट पाहू शकत नाही. सणाआधीच्या सुटीचा मात्र नेम लागू देऊ नका. दरवर्षी बरोबर तीन आठवडे आधी, त्याच रॅकवर, तीच २५ टक्के असं केलं की दोन वर्षांत गिऱ्हाईक तारीख पाठ करतं. कुठल्या डिझाइनला सूट मिळेल हे आधी कळणार नाही, तोवर थांबणाऱ्याला आवडतं डिझाइन हातचं जाण्याची भीती राहते. ती भीतीच पूर्ण किंमत टिकवून ठेवते.

याच्या अगदी उलट वागूनही धंदा करता येतो. अमेरिकेत बोस्टनच्या फाइलीन्स बेसमेंट या दुकानात सुटीचं वेळापत्रक उघड होतं: १२ विक्रीच्या दिवसांनी २५ टक्के, १८ नंतर ५०, २४ नंतर ७५, आणि ३० दिवसांनी उरलं ते दानात. गिऱ्हाइकाला सगळं माहीत असायचं, फक्त आपल्याआधी कोण उचलेल हे माहीत नसायचं. पण ते चालायला एकेका प्रकारचे थोडेच नग लागतात. तुमच्याकडे एकाच डिझाइनचे २८० नग ढीगभर दिसत असतील तर कोण घाई करेल?

लहान मुलांच्या कपड्यांना हाच हिशेब?

हिशेब हाच, आकडे वेगळे. मोठ्या माणसाचा किंवा फ्री साइजचा कपडा सणानंतर स्वस्तात घेऊन पुढच्या वेळेसाठी ठेवता येतो. मूल वर्षभरात किती वाढेल हे आईबापालाही सांगता येत नाही. त्यामुळे सणानंतर मुलांच्या कपड्यांची विक्री जवळजवळ थांबते आणि उरलेला नग थेट लॉटच्या भावावर जातो. म्हणून मुलांच्या विभागात सणाआधीची सूट बाकीच्या मालापेक्षा आठवडाभर आधी सुरू करा. फ्री साइजच्या मालात थोडं थांबलात तरी चालतं.

ऑनलाइन विकताना वेगळं काय?

परत येणारा माल. सणाच्या पाच दिवस आधी ७५ ला गेलेला नग सणानंतर चार दिवसांनी परत आला, तर तो ७५ चा राहिलेला नसतो, ४० चा किंवा १५ चा झालेला असतो. वर नेण्या-आणण्याचा खर्च. दहातले दोन परत येत असतील, तर सुटीतली विक्री आठच धरा आणि दीडपटीचा उंबरठा त्या आठांवर तपासा. दिसायला १.६ असलेली वाढ अशाने १.३ च्या खाली येऊ शकते. माल सणाआधी पोहोचणार नाही अशा ऑर्डर सुटीच्या किमतीला घेणं मी बंदच केलं आहे.

उरलेला माल पुढच्या वर्षीसाठी ठेवला तर? १५ ला द्यायला जिवावर येतं.

हिशेब करा. समजा पुढच्या वर्षी ५० ला मांडला आणि निम्मा गेला, उरलेला लॉटमध्ये १० ला. सरासरी ३० पडली. वर्षभर अडकलेल्या पैशावर १२ टक्के धरले तर ते आजचे साधारण २७. गोदाम, पुन्हा इस्त्री, नवं पॅकिंग यांचे नगामागे १० वजा करा. राहिले १७. पंधराच्या जागी सतरा, तेही सगळं मनासारखं झालं तर. जरीचा धागा दमट हवेत काळवंडतो, चिकटवलेले खडे सुटतात, पांढऱ्यावर घडीच्या रेषा पिवळ्या पडतात, इलॅस्टिक ढिलं होतं. आणि पुढच्या वर्षी जुना नग गेला की त्या गिऱ्हाइकाला नवा नग गेला नाही, हे त्या सतरात धरलेलंच नाही.

साधे, एकरंगी, कमी कामाचे, फॅशनवर न चालणारे कपडे ठेवा. ज्यांचं डिझाइन कुठल्या वर्षीचं ते बघताच ओळखू येतं, ते काढून टाका.

आठवड्यापूर्वी पूर्ण किमतीला घेतलेलं गिऱ्हाईक भांडायला आलं तर?

फरकाची रक्कम पुढच्या खरेदीवर द्या, आणि किती दिवसांपर्यंत ते आधीच ठरवून ठेवा. सात दिवस पुरेसे. येणारे थोडेच असतात.

वर्षअखेर हा माल वहीत किती किमतीला दाखवायचा?

मालाची किंमत खरेदी भाव आणि विकून निव्वळ हाती येणारी रक्कम यांपैकी जी कमी ती धरायची, असं आंतरराष्ट्रीय लेखा मानक २ सांगतं. आपल्या उदाहरणात लॉटमध्ये जाणारा नग वहीत ५० ला नाही, १५ वजा विकण्याचा खर्च इतक्यालाच दिसायला हवा. नेमकी नोंद तुमच्या हिशेबनिसाकडून करून घ्या. हे काम लांबवलं की उरलेला माल कागदावर श्रीमंत दिसतो आणि सूट लावायला हात वळत नाही.

यंदा आपलं चुकलं की बरोबर ठरलं, हे हंगाम संपल्यावर कसं ओळखायचं?

सूट दिलेलं डिझाइन सणाच्या आठवडाभर आधीच पूर्ण संपलं असेल, तर सूट लवकर लागली किंवा खोल गेली. त्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण किमतीला घेणारे तुमच्या रिकाम्या रॅकसमोरून गेले. सणानंतर मधल्या साइजचे ढीग उरले असतील, तर उशीर झाला किंवा सूट दिसलीच नाही. टोकाच्या साइजचे थोडे नग उरले असतील तर ते ठीकच. प्रत्येक डिझाइनपुढे चार आठवडे आधीची टक्केवारी, सूट लावल्याची तारीख, चाचणीत निघालेली पट आणि लॉटचा भाव एवढे चार आकडे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी वरचा ५० चा आकडा मागच्या बिलांत शोधत बसावं लागणार नाही.